चौथ्या रांगेतून काढलेला फोटो

वहिनींचा फोटो रात्री साडेनऊला आला. खाली लिहिलं होतं, “भाऊजी, ही स्लाइड जरा नीट करून द्याल का? परवा मला हीच दाखवून बोलायचंय.” वहिनी गटप्रवर्तक आहेत, वीसेक आशाताईंचं काम त्यांच्याकडे. एका प्रशिक्षणात भिंतीवर दिसली ती स्लाइड त्यांनी मोबाइलवर टिपली होती. मूळ फाइल ज्यांच्याकडे होती, त्यांचा फोन लागत नव्हता.

फोटो चौथ्या रांगेतून, डाव्या बाजूनं काढलेला. त्यामुळे स्लाइडचा चौकोन उजवीकडे निमुळता झालेला आणि खालच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंबाडा. विषय लहान मुलांचा अतिसार आणि ओआरएस. पार्श्वभूमी वर निळी, खाली येता येता पोपटी. मथळा लालभडक, त्याला मागे सावली. मजकूर पिवळा, मधल्या दोन ओळी गुलाबी. ओळी मोजल्या तर अकरा, शब्द शंभराच्या वर.

पानं लावण्यात माझी हयात गेली, तरी पहिली चूक मी सगळे करतात तीच केली. फोटोचा उजेड वाढवला, धार वाढवली, रंग गडद केले. अर्ध्या तासानं स्लाइड होती त्याहून भडक झाली आणि वाचता येईना ते येईनाच. मग लक्षात आलं की हा फोटो दुरुस्त करायची वस्तूच नाही. चौथ्या रांगेतल्या बाईला नेमकं काय दिसलं, ते सांगणारा तो साक्षीदार आहे. मूळ फाइल मिळाली असती तर लॅपटॉपवर ती बरी दिसली असती आणि दोष कुठे आहे ते कळलंच नसतं.

म्हणून फोटोचीच जबानी घ्यायची ठरवली. आधी मोबाइलमधल्या कागदपत्रं स्कॅन करायच्या सोयीनं चारही कोपरे पकडून चौकोन सरळ केला. तो लॅपटॉपवर उघडून पट्टीनं मोजला, तेव्हा स्लाइडची उंची १८ सेंटिमीटर भरली आणि एका ओळीच्या शिरोरेघेपासून खालच्या ओळीच्या शिरोरेघेपर्यंतचं अंतर ७ मिलिमीटर. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड साडेसात इंच उंच असते, म्हणजे ५४० पॉइंट. त्या हिशेबानं दोन ओळींतलं अंतर २१ पॉइंट आलं, म्हणजे अक्षर १४-१५ पॉइंटचं असणार. छापील पानावर हे अक्षर मोठं वाटेल. सभागृहाच्या भिंतीवर मात्र मागच्यांना वेलांटी आणि मात्रा यांतला फरकही दिसत नाही. देवनागरीला वर मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं असल्यानं दोन ओळींत मोकळी जागा लागते. ओळी दाबून बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. या स्लाइडवर तेच झालं होतं.

मग फोटोतले रंग काढून टाकले, तो काळापांढरा केला. ही कसोटी मला सगळ्यात आवडते, कारण ती एका क्षणात खरं सांगते. वरच्या निळ्या भागातल्या पिवळ्या ओळी स्वच्छ वाचता आल्या. खालच्या पोपटी भागातल्या ओळी मात्र धुक्यात विरघळल्यासारख्या नाहीशा झाल्या. पिवळा तोच, अक्षर तेच.

रंग ‘एकमेकांशी भांडतात’ असं आपण म्हणतो, पण वाचनापुरतं पाहिलं तर भांडण बहुतेक वेळा रंगांचं नसतं, उजेडाचं असतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किती पट फरक आहे ते मोजता येतं. पांढऱ्यावर काळं असेल तर फरक २१ पट, म्हणजे सर्वांत जास्त. संकेतस्थळांसाठीच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला निदान साडेचार पट आणि मोठ्या अक्षरांना निदान तीन पट फरक मागितला आहे. भडक निळ्यावर पिवळा ठेवला तर फरक आठ पट येतो. भडक हिरव्यावर तोच पिवळा ठेवला तर जेमतेम सव्वा पट. म्हणजे पिवळ्याचा दोष नव्हता, दोष होता त्याच्याखालून सरकत गेलेल्या पार्श्वभूमीचा. एका रंगातून दुसऱ्या रंगात जाणारी पार्श्वभूमी दिसायला मोहक असते, पण एकच अक्षररंग तिच्या दोन्ही टोकांवर क्वचितच टिकतो.

मथळ्याची गोष्ट वेगळी. निळ्यावर लाल म्हणजे फरक दोन पटींच्या जरासा वर. शिवाय डोळ्याच्या भिंगातून लाल आणि निळा प्रकाश सारखाच वळत नाही. त्यामुळे पुष्कळांना लाल अक्षरं पार्श्वभूमीतून वर उचलल्यासारखी, थरथरल्यासारखी दिसतात. त्यात मागे सावली, म्हणजे प्रत्येक अक्षर दोनदा छापल्यासारखं. गुलाबी ओळी ‘महत्त्वाचं’ म्हणून गुलाबी केल्या असाव्यात, पण मथळा आधीच लाल आणि मजकूर पिवळा असताना गुलाबीला काय सांगायचंय ते कळणार कसं?

एक सावधगिरी इथं सांगायला हवी. फोटोतून रंग उचलून तेच नव्या स्लाइडला देऊ नयेत. मोबाइल स्वतःच्या अंदाजानं पांढरा ठरवतो, प्रोजेक्टर आपली छटा मिसळतो. या फोटोत तर पांढरी भिंतच फिकट जांभळी आली होती. फोटोवरून फरक कुठे पुरला आणि कुठे नाही एवढंच समजतं. मूळ रंग कोणता होता ते समजत नाही.

आणि लॅपटॉपवर दिसणारा फरकही भिंतीवर तेवढाच राहत नाही. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे काळं हवं तिथे तो प्रकाश टाकत नाही, एवढंच. ती जागा मग खोलीतल्या उजेडात भिंत जेवढी उजळ असेल तेवढीच काळी. समजा खोलीचा उजेड प्रोजेक्टरच्या पांढऱ्याच्या पाचव्या हिश्शाइतका आहे. ढोबळमानानं २१ पटींचा फरक मग सहा पटींवर येतो आणि निळ्यावरच्या पिवळ्याचा आठ पटींचा फरक चारावर. सगळ्यात आधी मरतात त्या गडद छटा: गडद निळा, गडद हिरवा, काळा, सगळं एकाच राखाडीत जातं. आरोग्य केंद्राच्या बैठकीत पडदे लावून अंधार करता येत नाही, बायकांना वहीत लिहून घ्यायचं असतं. म्हणून मी पार्श्वभूमी फिकट पांढरी घेतली, अक्षर काळं, मथळा गडद निळा. लाल रंग फक्त एका ठिकाणासाठी राखून ठेवला.

आता मजकूर. टंकण्याचा कंटाळा म्हणून मोबाइललाच फोटोतली अक्षरं वाचायला लावली. त्यानं बरंचसं बरोबर वाचलं, पण एका ओळीत लिहिलं, ‘उलटी झाल्यास ९० मिनिटे थांबून पुन्हा द्यावे’. वहिनींना फोनवर वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “नव्वद कुठलं भाऊजी, दहा! दहा मिनिटं थांबायचं आणि मग हळूहळू पाजायचं. नव्वद मिनिटं थांबलं तर पोराचं काय होईल?” फोटोत १ आणि ९ यांच्यातला फरक शेपटीएवढा, आणि शेपटीच पुसट होती. ध-घ, भ-म हे जोडही असेच फसवतात, पण शब्दाचा अर्थ चूक उघडी पाडतो. आकड्याला तसा आधार नसतो. तेव्हा फोटोतून घेतलेला प्रत्येक आकडा विषय जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घेतला.

पाचवी ओळ अशी होती: ‘अतिसार झालेल्या बालकास प्रत्येक पातळ शौचानंतर वय २ वर्षांपर्यंत असल्यास अंदाजे ५० ते १०० मिली व २ वर्षांवरील असल्यास १०० ते २०० मिली ओआरएसचे द्रावण थोडे थोडे पाजावे.’ हे वाक्य चुकीचं नाही, पण ते पुस्तिकेतलं वाक्य आहे. भिंतीवर लिहिलेलंच बोलणारा वाचून दाखवू लागला की ऐकणाऱ्याचे डोळे एका वेगानं जातात आणि कान दुसऱ्या. शिकण्याच्या मानसशास्त्रावर काम केलेल्या रिचर्ड मायर यांनी प्रयोगांतून हाच मुद्दा मांडला: चित्र आणि निवेदन सोबत असताना तेच शब्द पडद्यावर पुन्हा लिहिले तर समज बहुधा वाढण्याऐवजी घटते.

मी वहिनींना विचारलं, “यातलं तुम्ही तोंडानं काय सांगता आणि बायका वहीत काय उतरवतात?” त्या म्हणाल्या, आकडे उतरवतात, बाकी मी सांगते. वाटणी तिथेच झाली. आकडे भिंतीवर, वाक्यं वहिनींच्या टिपणात. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडच्या खाली टिपणाची जागा असते, सगळी मूळ वाक्यं तिथे ठेवली. एकही शब्द टाकून दिला नाही.

एका स्लाइडच्या चार झाल्या. पहिलीवर एका पाकिटाला १ लिटर पाणी, द्रावण २४ तासांत संपवायचं. दुसरीचा मथळा ‘उपचार’ असा मोघम न ठेवता ‘प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस’ असा केला, आणि त्याखाली दोनच ओळींचा तक्ता: वय आणि मिली. तिसरीवर झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पूर्ण, १४ दिवस. चौथीवर दवाखान्यात लगेच न्यायची लक्षणं: पाणी पीत नाही, डोळे खोल गेले, बाळ मलूल, शौचात रक्त. राखून ठेवलेला लाल तो इथे, गडद लाल, फक्त मथळ्याच्या पट्टीला. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यालाही अडू नये म्हणून पट्टीवर ‘लगेच न्या’ असे शब्दही आहेत.

अक्षर २८ पॉइंटच्या खाली जाऊ दिलं नाही. चार स्लाइड झाल्या म्हणून वहिनी जरा कुरकुरल्या, “वेळ तेवढाच आहे हो.” पण वेळ स्लाइडच्या संख्येवर नाही, बोलण्यावर जातो. मजकूर तोच होता. टंक ‘मुक्त’ घेतला, आणि फाइल पेनड्राइव्हवर पीडीएफ करूनही दिली. दुसऱ्याच्या संगणकात तो टंक नसला तर ओळी भलतीकडे मोडतात.

शेवटी पाच फुटांची कसोटी. वहिनींच्या बैठकीच्या खोलीत पडदा चार फूट उंच आणि शेवटची रांग तीस फुटांवर, म्हणजे पडद्याच्या साडेसात पट लांब. माझ्या लॅपटॉपचा पडदा १९ सेंटिमीटर उंच, त्याच्या साडेसात पट म्हणजे पावणेपाच फूट. तेवढं अंतर मागे जाऊन उभा राहिलो आणि चष्म्यासह चारही स्लाइड वाचल्या. मग जुना फोटो उघडून तिथूनच पाहिला. मथळा सोडून काही लागलं नाही.

बैठकीच्या दिवशी दुपारी वहिनींचा दुसरा फोटो आला, या वेळी शेवटच्या रांगेतून. आकडे स्पष्ट होते. तक्त्यातल्या रेघा मात्र मी फिकट राखाडी ठेवल्या होत्या, त्या भिंतीवर उमटल्याच नव्हत्या. दोन ओळींचे चारही रकाने हवेत तरंगत होते. संध्याकाळी बसून त्या गडद केल्या आणि फाइल पुन्हा पाठवली.