एक पत्ता, दोन बिऱ्हाडं

ऑफिसातला प्रिंटर मध्येच रुसायचा. एका टेबलावरून बिलं छापली जायची, शेजारच्या टेबलावरून नाही. तासाभराने नेमकं उलट. प्रिंटर दोनदा दुरुस्त करून झाला, पण त्यात बिघाड नव्हताच. त्याचा आयपी पत्ता, 192.168.1.50, आणखी कुणीतरी वापरत होतं.

नेटवर्कवरचा संगणक आधी हाक मारतो, ‘.50 कोण?’ उत्तर देणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा क्रमांक, तो काही काळ लक्षात ठेवतो. इथे दोघं ‘ओ’ देत होते. ज्याचं उत्तर लक्षात राहिलं, त्याच्याकडे बिल जायचं. विंडोजचा संगणक अशा वेळी निदान इशारा तरी देतो. प्रिंटर मुकाट राहतो.

दुसरा कोण हे शोधायला आम्ही प्रिंटरची नेटवर्क केबल काढली आणि त्याच नेटवर्कवरच्या एका संगणकावर, ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने, जुनी नोंद पुसून पुन्हा हाक दिली:

```
arp -d 192.168.1.50
ping 192.168.1.50
arp -a
```

प्रिंटर बाहेर असूनही यादीत .50 समोर 00-00-5e-00-53-21 उमटलं. पिंगला उत्तर नाही आलं तरी ही यादी पाहावीच, कारण काही यंत्रं पिंग नाकारतात, या हाकेला मात्र ओ देतात.

यंत्र कोणतं ते कळलं, पण ते बसलंय कुठे? ते स्विच सांगतो. कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टमधून बोलला, याची वही तो ठेवतो. सिस्कोच्या स्विचवर ती अशी उघडते (तिथे तोच पत्ता टिंबांनी लिहितात):

```
show mac address-table address 0000.5e00.5321
```

नोंद सहसा 300 सेकंदांच्या शांततेनंतर पुसली जाते. म्हणून शोधताना दुसरीकडे `ping -t` चालू ठेवावं.

उत्तर आलं, पोर्ट 24. पण त्याच पोर्टवर आणखी तीसेक पत्ते दिसत होते, म्हणजे पलीकडे दुसरा स्विच. इथे फसायला होतं: लोक पोर्ट 24 ची केबल उपटतात आणि अख्खा मजला बंद पाडतात. आम्ही त्या दुसऱ्या स्विचवर तोच प्रश्न विचारला. तिथे पोर्ट 7, आणि त्यावर हा एकच पत्ता. केबलचा माग काढत गेलो, तर ती वॉचमनच्या केबिनमध्ये कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला लागलेली. बसवणाऱ्याने ‘मोकळा दिसतोय’ म्हणून .50 देऊन टाकला होता. त्या वेळी प्रिंटर बंद असणार.

साधा, स्वस्तातला स्विच असली वही दाखवत नाही. तिथे एकेक केबल काढून पिंग कधी थांबतं ते बघत बसावं लागतं. तेही मी केलं आहे. वाय-फायवरचं यंत्र असेल तर स्विच फक्त ॲक्सेस पॉइंटपर्यंत नेतो, पुढचं त्याच्याच यादीत पाहायचं.

रेकॉर्डरला .210 दिला. आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या वाटपातून .50 आणि .210 दोन्ही वगळले, मग प्रिंटरची केबल परत लावली.