स्टेक गुलाबी चालतो, मग बर्गर का नाही?

समजा, तुमचा चौघांचा ग्रुप सेमिस्टर संपल्याच्या आनंदात एखाद्या बऱ्यापैकी रेस्तराँमध्ये गेलाय. एकजण ऐटीत स्टेक मागवतो आणि वेटर अदबीने विचारतो, ‘कसा हवा सर, मीडियम रेअर?’ म्हणजे बाहेरून खरपूस आणि आतून गुलाबी. तुम्ही मागवलाय बर्गर. तुम्हीही म्हणता, ‘माझाही तसाच, आतून जरा गुलाबी ठेवा.’ वेटर मान हलवतो. ‘बर्गर पूर्णच शिजवतो आम्ही.’

आता तुम्ही म्हणाल, हा काय न्याय? मटण तेच, तवा तोच, मग त्याला एक नियम आणि मला दुसरा का? उत्तर अगदी साधं आहे, पण ते कळायला आधी मांसाच्या तुकड्यावर जंतू नेमके बसतात कुठे, हे बघावं लागेल.

निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जंतू जवळजवळ नसतातच. ते असतात त्याच्या कातडीवर, खुरांना लागलेल्या शेणात आणि आतड्यांत. जनावर कापताना, सोलताना, आतडी काढताना हे जंतू मांसाला लागतात. सुरी, हात, ओटा, लाकडी ठोकळा यांवरूनही लागतात. पण लागतात ते वरच्या बाजूला. अख्खा तुकडा म्हणजे जणू बंद खोली. जंतू दाराबाहेर गर्दी करतील, पण भिंतीतून आत जाणं त्यांना सोपं नाही.

म्हणूनच स्टेकचं गणित जमतं. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा तुकडा कडकडीत तापलेल्या तव्यावर पडला की त्याचा पृष्ठभाग क्षणात शंभर अंशांच्या वर जातो. दोन्ही बाजू आणि कडा नीट भाजल्या की वरचे जंतू खलास. मधला भाग अजून ५५ अंशांवर, गुलाबी, रसरशीत असतो. तो कोमट असला तरी फारसं बिघडत नाही, कारण तिथे मारायला कुणी नव्हतंच.

मशीनमधून गेलं की काय होतं?

आता तोच तुकडा खिम्याच्या मशीनमध्ये घाला. थोडं शाळेतलं गणित करू. सहा सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा मांसाचा एक ठोकळा घ्या, वजन साधारण पाव किलोच्या आत-बाहेर. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ होतं २१६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे तीन-तीन मिलिमीटरचे बारीक तुकडे करा. तुकडे होतील ८,००० आणि त्यांचं एकूण क्षेत्रफळ होईल ४,३२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बरोब्बर वीसपट. मांस तेवढंच, पण जंतूंना राहायला जागा वीसपट.

पण खरी गोम यापुढे आहे. मशीन नुसतं कापत नाही, ते कालवतं. जे काही वर होतं ते आत जातं. मग तुम्ही त्या खिम्याला मीठमसाला लावून हाताने मळता, चपटी पॅटी थापता किंवा सळईवर चढवून सीख कबाब करता. तुकड्याच्या बाहेर बसलेला जंतू आता पॅटीच्या अगदी मधोमध जाऊन बसलेला असतो, नेमका तिथे जिथे उष्णता सगळ्यात शेवटी पोहोचते. बाहेरून कितीही खरपूस भाजा, आत ५५ अंश असतील तर तो तिथे मजेत आहे. स्टेकला ‘बाहेर’ आणि ‘आत’ असं दोन्ही असतं. खिम्याचं सगळंच ‘बाहेर’ असतं.

त्यात आणखी एक भर. स्टेक एका जनावराचा असतो. मोठ्या कारखान्यातल्या खिम्यात मात्र अनेक जनावरांच्या मांसाचे उरलेसुरले तुकडे एकत्र दळले जातात. एक जनावर बाधित असेल तर त्याचा प्रसाद हजारो पॅट्यांना मिळतो.

१९९३ चा धडा

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर १९९३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात काय झालं ते ऐका. सिएटलच्या डॉक्टरांकडे एकामागून एक लहान मुलं येऊ लागली. पोटात असह्य कळा, रक्ताचे जुलाब आणि काहींच्या तर किडन्या बंद पडत चाललेल्या. शोध घेतल्यावर धागा पोहोचला ‘जॅक इन द बॉक्स’ या बर्गरच्या साखळीपर्यंत. चार राज्यांत मिळून सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. त्यातल्या एका चिमुरड्याने तर बर्गर खाल्लाच नव्हता. पाळणाघरातल्या दुसऱ्या आजारी मुलाकडून त्याला लागण झाली होती.

गुन्हेगार होता ई. कोलाय या जंतूचा एक खतरनाक प्रकार, ओ१५७:एच७. तो गुरांच्या आतड्यात गुण्यागोविंदाने राहतो, त्यांना काही त्रास देत नाही. माणसाच्या पोटात गेला की मात्र विष तयार करतो. ते विष रक्तातून किडनीपर्यंत पोहोचतं आणि लहान मुलांना ते सगळ्यात जास्त भोवतं. इतर अनेक जंतूंना आजारी पाडायला मोठी फौज लागते, याला अगदी थोडे शिलेदार पुरतात. म्हणून ‘जरासंच कच्चं होतं’ ही सबब इथे चालत नाही.

चूक झाली कुठे? वॉशिंग्टन राज्याने त्याआधीच नियम केला होता की बर्गरच्या आतलं तापमान ६८ अंश सेल्सियस झालं पाहिजे. साखळी मात्र तेव्हाच्या राष्ट्रीय नियमाप्रमाणे, म्हणजे ६० अंशांवर चालली होती. फरक आठच अंशांचा! आणि हे मांस आलं कुठून, याचा माग काढताना संशयित म्हणून अमेरिकेतले पाच आणि कॅनडातला एक असे सहा कत्तलखाने समोर आले. खिम्यात किती ठिकाणचं मांस कालवलं जातं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं की बीफच्या खिम्यात हा जंतू सापडला तर तो माल विक्रीला बाद. अख्ख्या स्टेकच्या पृष्ठभागावर तोच जंतू असला, तर मात्र हा नियम लागू होत नाही. वेटरने तुम्हाला जे सांगितलं तेच हा कायदाही सांगतो. तिथला घरगुती सल्लाही तसाच दुहेरी आहे. खिम्याला आतून ७१ अंश. स्टेकला ६३ अंश आणि मग तीन मिनिटं तसंच ठेवायचं. आवडीने गुलाबी स्टेक खाणारे त्याहूनही खाली जातात, थोडी जोखीम पत्करून. म्हणून लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तो प्रयोग नको.

रंगावर जाऊ नका

‘आतून तपकिरी झालं म्हणजे शिजलं’ असं आपण धरून चालतो. इथेच घात होतो. मांसाचा लाल-गुलाबी रंग रक्ताचा नसतो, तो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो. हवेशी जास्त वेळ संबंध आलेला खिमा कधीकधी पुरेसा तापायच्या आधीच तपकिरी होतो. उलट कधी पूर्ण शिजलेली पॅटीही गुलाबी राहते. म्हणजे डोळे दोन्ही बाजूंनी फसवतात.

भरवशाचा मार्ग एकच, टोकदार काडीचं फूड थर्मामीटर. ते वरून खुपसलं तर टोक आरपार तव्यापर्यंत जातं आणि चुकीचा आकडा दाखवतं. म्हणून पॅटीच्या कडेने, आडवं, मध्यापर्यंत घाला. ७१ दिसलं की उतरवा. रूमवर थर्मामीटर नसेल तर पॅटी जाड करण्याचा मोह टाळा. सेंटिमीटरभर जाडीची थापा, मध्यम आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शिजवा. मोठी आच ठेवलीत तर बाहेर कोळसा आणि आत कच्चं, अशी गत होते. फ्रीझरमधली पॅटी थेट तव्यावर टाकली तरी तेच होतं. आणि फ्रीझरमध्ये जंतू मरतात, हाही गैरसमज. ते फक्त झोपतात.

आपल्या कबाबांकडे बघा, म्हणजे हे आणखी पक्कं होईल. शामी कबाबचा खिमा आधी हरभऱ्याच्या डाळीबरोबर चांगला शिजवतात, मग वाटून टिक्क्या करतात. तो तव्यावर नुसता लालसर परतला तरी चालतो, कारण खरं काम पातेल्यात आधीच झालेलं असतं. सीख कबाबचा खिमा मात्र सळईवर कच्चाच चढतो. तो आतपर्यंत शिजलाच पाहिजे, मग खिमा बकऱ्याचा असो नाहीतर म्हशीचा. बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्यातही असे जंतू असू शकतात. कोळशावर ‘वरून झालाय, काढा’ असं म्हणणाऱ्या मित्राला एक कबाब मधोमध मोडून दाखवा. आत चिकट, थंडगार लगदा असेल तर सगळी सळई परत निखाऱ्यावर. आणि कच्चा खिमा मळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय कांदा-लिंबाच्या प्लेटला लावायचे नाहीत.

आता गुलाबी स्टेकची सूटही सरसकट नाही. ती अख्ख्या, न टोचलेल्या तुकड्यालाच आहे. मांस लुसलुशीत व्हावं म्हणून सुयांनी टोचलं किंवा सुईने आत मसाल्याचं पाणी सोडलं, तर वरचे जंतू आत ढकलले गेले. मग तो दिसायला स्टेक, पण वागायला खिमा. आणि चिकनला तर ही सूट मुळीच नाही, अख्खा तुकडा असला तरीही.

गंमत म्हणजे गुलाबी बर्गर देणारी रेस्तराँ ब्रिटनमध्ये आहेत. त्यांची एक पद्धत ऐका. अख्ख्या तुकड्याच्या सगळ्या बाजू आधी कडक भाजायच्या, भाजलेला वरचा थर स्वच्छ सुरीने तासून टाकायचा आणि आतलं कोरं मांस स्वच्छ मशीनमधून काढायचं. म्हणजे जंतू आत जायच्या आधीच त्यांना दारात गाठायचं. नियम मोडल्यासारखा वाटतो, पण मोडलेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वेटरने नकार दिला तर हुज्जत घालू नका. उलट त्याने ‘हो सर, बर्गर गुलाबी देतो ना’ असं म्हटलं, तर खिमा कसा काढलाय ते विचारा. उत्तर देताना तो गडबडला, तर सरळ म्हणा, ‘पूर्ण शिजवूनच आणा.’