पगार आणि हिशेब, लेखांक सातवा : कपातीचा खुलासा मागताना

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावातून रोज शहरातील भातगिरण्यांत, गोदामांत, दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला जाणाऱ्यांपैकी पुष्कळांची नेमणूक आता कंत्राटदाराच्या मार्फत होते. त्यामुळे ज्या ठिकाणी माणूस काम करतो तेथे त्याच्या पगाराचा हिशेब होत नाही, आणि जेथे हिशेब होतो तेथील कारकुनाने त्याला कधी पाहिलेलेही नसते. पूर्वी हजेरीपटावर सही करतानाच खजिनदाराला तोंडी विचारता येई; आता वेतनचिठ्ठी मोबाइलवर येते आणि कपातीचा खुलासा हवा असेल तर तो लेखी मागावा लागतो. हा मजकूर पाच-सहा ओळींचाच असतो. परंतु त्या ओळी नेमक्या उतरण्यासाठी आधी चिठ्ठी नीट वाचावी लागते, आणि खरे काम तेथेच आहे.

उदाहरणादाखल मुर्रीहून गोंदियातील एका गोदामावर कामाला जाणाऱ्या तरुणाची चिठ्ठी घेऊ. त्याचे एकूण वेतन १८,४०० रुपये असून त्यापैकी मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० आहेत. जानेवारीत त्याच्या हाती १६,५०२ रुपये आले आणि फेब्रुवारीत १५,४०२, म्हणजे अकराशे रुपये कमी. अशा वेळी स्वाभाविक संताप असा की अकराशे रुपये कोणी कापले. परंतु दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली म्हणजे या अकराशेंचे दोन निराळे भाग पडतात, आणि त्यांतील एकाचाच जाब विचारण्याजोगा आहे असे दिसते.

भविष्यनिर्वाह निधीची कपात १३,००० च्या बारा टक्क्यांप्रमाणे १,५६० रुपये, ती दोन्ही महिन्यांत सारखीच. राज्य विमा योजनेची पाऊण टक्का, म्हणजे १३८ रुपये, तीही तेवढीच. व्यवसाय कर मात्र जानेवारीत २०० आणि फेब्रुवारीत ३०० आहे, आणि ही चूक नव्हे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर अधिनियमाप्रमाणे दरमहा दहा हजारांहून अधिक वेतन घेणाऱ्या पुरुषाकडून वर्षाला २,५०० रुपये घ्यावयाचे, आणि राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने घातलेली मर्यादाही तेवढीच. अकरा महिने दोनशेप्रमाणे २,२०० वसूल होतात आणि उरलेले तीनशे फेब्रुवारीत घेतले जातात. दरवर्षी मार्चच्या आरंभी पगारविभागाकडे येणाऱ्या तक्रारींत या शंभर रुपयांची तक्रार हटकून असते, आणि तिच्या गर्दीत खरी तक्रार मागे पडते. याच जागी पंचवीस हजारांपर्यंत वेतन घेणारी स्त्री असती, तर १ एप्रिल २०२३ पासून तिला हा कर मुळीच नाही. तिच्या चिठ्ठीत दोनशे रुपये दिसले तरी ते विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

शंभर रुपये असे उलगडल्यावर उरतात एक हजार, आणि ते OTH REC अशा संक्षिप्त नोंदीखाली उभे आहेत. ही नोंद संकीर्ण वसुलीची आहे इतके कळते, पण वसुली कशाची ते त्या अक्षरांत नाही. गैरहजेरीचा दिवस कापला असेल काय, ही पहिली शंका आपली आपणच फेडावी. १८,४०० ला २६, २८ वा ३० यांपैकी कशानेही भागले तरी एक दिवसाचे वेतन सातशे आठ रुपयांपलीकडे जात नाही. शिवाय बिनपगारी दिवस असता तर वेतनाची बाजूच घटली असती आणि विम्याचे १३८ रुपयेही त्या प्रमाणात उतरले असते. ते जागचे हललेले नाहीत, आणि हजेरीही पूर्ण २८ दिवसांची आहे. उचल घेतलेली नाही, गणवेश मिळालेला नाही, काही मोडतोड झाल्याची नोटीस आलेली नाही. इतके पारखल्यानंतरच लिहावयास बसावे, कारण आता मजकूर आपोआप आखूड होतो :

«विषय : फेब्रुवारीच्या वेतनातील एक हजार रुपयांची कपात. नमस्कार. माझा कर्मचारी क्रमांक अमुक, कामाचे ठिकाण अमुक. फेब्रुवारीच्या चिठ्ठीत OTH REC या नोंदीखाली रु. १,००० कापलेले आहेत. जानेवारीत ही नोंद नव्हती. माझी हजेरी २८ दिवसांची आहे आणि मी उचल घेतलेली नाही. ही कपात कशाबद्दल, कोणत्या महिन्याच्या हिशेबात आणि कशी काढली, तसेच मार्चमध्ये ती पुन्हा होणार आहे काय, हे कृपया कळवावे. कपात चुकीने झाली असल्यास मार्चच्या वेतनात रक्कम परत मिळावी. दोन्ही चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत.»

यात आरोप नाही, आणि आर्जवही नाही. ज्याच्यासमोर शेकडो चिठ्ठ्या आहेत त्या कारकुनाला क्रमांक, महिना, नोंदीचे नाव आणि रक्कम या चार गोष्टी मिळाल्या की नोंद सापडते. यांतील एक जरी गाळली तर उत्तर म्हणून त्याचाच प्रश्न परत येतो आणि आठवडा वाया जातो. पुढील महिन्याचा हिशेब बहुतेक ठिकाणी विसाव्या-पंचविसाव्या तारखेस बंद होतो, म्हणून चिठ्ठी हाती येताच दोन-तीन दिवसांत लिहावे. गोदामावरच्या पर्यवेक्षकाला तोंडी सांगणे सौजन्याचे असले तरी दफ्तरात त्याची नोंद राहत नाही.

समजा उत्तर असे आले की डिसेंबरात जादा कामाचे आठ तास दोनदा मांडले गेले होते, त्याची ही वसुली आहे. हे उत्तर तपासता येते. १३,००० ला २६ दिवस व आठ तासांनी भागले म्हणजे तासाचे साडेबासष्ट रुपये, जादा कामाला दुप्पट दराने सव्वाशे, आणि आठ तासांचे बरोबर एक हजार. आता डिसेंबरची चिठ्ठी काढावी : तीत सोळा तास छापलेले असतील आणि आपल्या टिपणवहीत आठच असतील, तर वसुली रास्त आहे, कारण चुकून अधिक दिलेले वेतन वळते करण्यास कायद्याने मुभा दिली आहे. वहीत खरोखरच सोळा तास असतील, तर त्या तारखांसह दुसरे पत्र लिहावे. उत्तर नुकसानभरपाईचे आले, तर आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली गेली होती काय हे विचारावे. तशी संधी दिल्यावाचून नुकसानीपोटी पगार कापता येत नाही, हा नियम १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होता आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तो कायम आहे.

उत्तरच आले नाही, तर आठ-दहा दिवसांनी त्याच पत्राच्या साखळीत स्मरणपत्र द्यावे, नवे पत्र काढू नये; पुढे सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाण्याची वेळ आली तर तारखांची हीच साखळी उपयोगी पडते. वेतन संहितेखाली अशा दाव्यास तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा चिठ्ठ्या आणि टिपणवही निदान तेवढा काळ जपून ठेवावी.