मेलाटोनिन : गोळी छोटी, वेळ मोठी

मेलाटोनिन ही गुंगीची गोळी नव्हे. अंधार पडल्यावर मेंदूतून स्रवणारं हे संप्रेरक शरीराला फक्त ‘रात्र झाली’ असं सांगतं. म्हणून ते किती घेतलं यापेक्षा कधी घेतलं, हे महत्त्वाचं.

समजा, तुम्ही उन्हाळ्यात लंडनहून मुंबईला आलात. इथे रात्रीचे साडेदहा वाजतात, पण शरीराच्या घड्याळात संध्याकाळचे सहाच. या वेळी घेतलेली अर्धा मिलिग्रॅमची गोळी घड्याळ पुढे सरकवते. पहिले तीन-चार दिवस रोज त्याच वेळी घ्यायची. पाच मिलिग्रॅमने झोप थोडी लवकर लागेल, घड्याळ मात्र दहापट सरकत नाही. हीच गोळी सकाळी घेतली तर घड्याळ उलट मागे जातं आणि दिवसभर पेंग येते ती वेगळीच. पहिल्या सकाळी साडेआठच्या आधी कडक ऊन टाळा, नंतर घ्या.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुलांना मेलाटोनिन आपल्या मनाने देऊ नये. स्वमग्नतेसारख्या स्थितीत बालरोगतज्ज्ञ देतात, तेही झोपेचं वेळापत्रक बसवून पाहिल्यावर. गोड चघळण्याच्या गोळ्यांचा डबा तर कुलपातच ठेवावा; मुलं त्या खाऊ समजून फस्त करतात.