भागीदाराला करारभंगाची नोटीस: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

भागीदारीत बिनसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आता नोटीसच पाठवतो." ती बहुतेक वेळा रागाच्या भरात लिहिली जाते आणि वाचणारा भागीदारच आहे असं धरून लिहिली जाते. प्रत्यक्षात तिचा खरा वाचक दोन-तीन वर्षांनी भेटतो. तो लवाद असतो किंवा न्यायाधीश, आणि त्याला तुमच्या धंद्यातलं काहीही ठाऊक नसतं. त्याला नोटिशीतून तीन गोष्टी कळायला हव्यात. करारातलं कोणतं कलम मोडलं, ते सुधारायला किती वेळ दिला, आणि सुधारलं नाही तर काय होईल असं कळवलं.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. तासगावात बेदाण्याचं ग्रेडिंग आणि पॅकिंग करणारी दोन भागीदारांची नोंदणीकृत फर्म आहे. एक युनिट सांभाळतो, दुसरा विक्री. भागीदारी पत्राच्या कलम 5 प्रमाणे प्रत्येकाने 20 लाख रुपये भांडवल घालायचं होतं, शेवटचा हप्ता 30 सप्टेंबर 2025 पर्यंत. विक्रीवाल्या भागीदाराने 12 लाख घातले, 8 लाख राहिले. कलम 11 सांगतं की विक्रीची सगळी वसुली फर्मच्या चालू खात्यात जमा झाली पाहिजे. तरीही नोव्हेंबरमधल्या दोन बिलांचे 3,40,000 रुपये त्याच्या वैयक्तिक खात्यात गेले. कलम 21 मध्ये कसूर सुधारायला लेखी नोटीस देऊन 30 दिवसांची मुदत आहे आणि कलम 23 मध्ये लवादाची तरतूद.

गैरसमज 1: नोटिशीत सुरुवातीपासूनचं सगळं लिहावं, म्हणजे समोरच्याचं खरं रूप कळतं.

वस्तुस्थिती: नोटिशीत जितकं जास्त लिहाल, तितकं जास्त सिद्ध करावं लागतं. "आपण पहिल्यापासून फर्मची फसवणूक करत आहात" या वाक्याला कागद कुठला जोडणार? त्यातलं एक विधान खोटं ठरलं की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांकडेही संशयाने पाहिलं जातं. शिवाय फसवणूक हा वेगळा आणि गंभीर आरोप आहे. करारभंग दाखवायला समोरच्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही.

प्रत्येक कसुरीसाठी चार गोष्टी पुरतात: कलम, तारीख, रक्कम, कागद. आपल्या उदाहरणात दुसरा परिच्छेद असा होईल:

"भागीदारी पत्राच्या कलम 11 प्रमाणे विक्रीची वसुली फर्मच्या चालू खात्यात जमा करणे बंधनकारक आहे. बिल क्र. 118 चे 1,90,000 रुपये 12 नोव्हेंबर 2025 रोजी आणि बिल क्र. 131 चे 1,50,000 रुपये 24 नोव्हेंबर 2025 रोजी आपल्या वैयक्तिक खात्यात जमा झाल्याचे संबंधित व्यापाऱ्यांनी लेखी कळवले आहे. त्यांच्या पत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आजअखेर ही रक्कम फर्मच्या खात्यात जमा झालेली नाही."

यात एकही विशेषण नाही. "झाल्याचे व्यापाऱ्यांनी कळवले आहे" या शब्दांत माहिती कुठून आली तेही आलं. उद्या भागीदाराने ते पैसे फर्मच्याच वाहतुकीच्या खर्चाला दिल्याचं दाखवलं, तर तुमचं वाक्य खोटं ठरत नाही. प्रश्न फक्त हिशेबाचा उरतो.

गैरसमज 2: कायद्याने 15 दिवसांची मुदत ठरलेली आहे.

वस्तुस्थिती: करारभंगाच्या नोटिशीसाठी अशी सर्वसाधारण मुदत भारतीय करार कायदा 1872 मध्ये नाही, भारतीय भागीदारी कायदा 1932 मध्येही नाही. भागीदारी पत्रात मुदत असेल तर तीच द्यायची. आपल्या फर्ममध्ये ती 30 दिवस आहे. तिथे 15 दिवस लिहिले, तर समोरच्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो की कराराप्रमाणे संधीच दिली गेली नाही. पत्रात मुदत नसेल तर वाजवी मुदत द्यावी, म्हणजे ते काम त्या दिवसांत खरोखर होण्यासारखं असावं. वसुलीचे पैसे आठवड्यात वळते करता येतात. 8 लाख उभे करायला तेवढे दिवस अपुरे पडतील.

दिवस मोजायचे ते नोटीस हातात पडल्यापासून, आणि तसं स्पष्ट लिहायचं. 8 जानेवारी 2026 ला नोटीस मिळाली तर तो दिवस सोडून 30 दिवस मोजायचे. मुदत 7 फेब्रुवारीला संपते.

मुदतीइतकंच महत्त्वाचं म्हणजे सुधारणा म्हणजे नेमकं काय, हे लिहिणं. "व्यवहार सुरळीत करावा" हे मोजता येत नाही. "8,00,000 रुपये भांडवल आणि 3,40,000 रुपये वसुली फर्मच्या चालू खात्यात जमा करावी आणि ऑक्टोबरपासूनच्या विक्रीचा बिलनिहाय हिशेब द्यावा" हे मोजता येतं. मुदतीच्या शेवटी बँकेचा उतारा पाहिला की सुधारणा झाली की नाही ते कुणालाही कळतं.

या 30 दिवसांत भागीदाराने 3 लाख भरले तर ते नाकारायची गरज नाही. पण गप्प राहून घेऊही नयेत. ठरलेली वेळ हा कराराचा गाभा असेल आणि उशिरा झालेली पूर्तता निमूट स्वीकारली, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही, असं करार कायद्याचं कलम 55 सांगतं. भरपाई मागायची असेल तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. दोन ओळींचा ई-मेल पुरतो: "रक्कम अंशतः मिळाली, उरलेल्या रकमेबाबत आणि उशिराच्या भरपाईबाबत हक्क राखून ठेवले आहेत."

गैरसमज 3: नोटीस जितकी कडक, तितकी परिणामकारक.

वस्तुस्थिती: परिणाम कळवणं वेगळं आणि धमकी देणं वेगळं. प्रत्येक परिणामापुढे कलमाचा आधार लिहिता येतो का, ही त्याची सोपी कसोटी. "मुदतीत पूर्तता न झाल्यास कलम 23 प्रमाणे लवादाची मागणी करण्यात येईल आणि करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे नुकसानभरपाई मागण्यात येईल" हा परिणाम आहे. "मार्केट यार्डात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही" याला कुठलंही कलम नाही. उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मधल्या धाकदपटशाच्या व्याख्येत प्रतिष्ठेला इजा करण्याची धमकीही येते. पैसे वसूल व्हावेत म्हणून पोलीस केसचा धाक दाखवणारी ओळ तर हमखास उलटते. खरोखर गुन्हा घडला असेल तर तक्रार स्वतंत्रपणे करावी, तिचा सौदा नोटिशीत करू नये.

भरपाईची भाषाही जपून वापरावी. कलम 73 खाली मिळते ती भंगामुळे साहजिकपणे झालेल्या, किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेल्या नुकसानीची भरपाई. दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची मिळत नाही. भांडवल न आल्यामुळे फर्मला कर्ज काढावं लागलं, तर त्याचं व्याज दाखवता येईल. "मनस्तापाबद्दल 25 लाख" असं लिहिलं की बाकीचा हिशेबही फुगवलेला वाटू लागतो.

गैरसमज 4: मुदत संपली की भागीदाराला काढून टाकता येतं.

वस्तुस्थिती: नोटिशीत सर्वात जास्त चुका इथेच होतात. भागीदारी कायद्याचं कलम 33 सांगतं की करारात तसा अधिकार दिलेला असेल आणि तो सद्भावनेने वापरला असेल, तरच भागीदाराला काढता येतं. नाहीतर बहुमतानेसुद्धा काढता येत नाही. आणि फर्ममध्ये दोघेच असतील तर एकाला काढल्यावर भागीदारी उरतच नाही.

याच्या उलट बाजूची चूकही होते. भागीदारी ऐच्छिक असेल, म्हणजे पत्रात तिची मुदत किंवा ती संपवण्याची पद्धत ठरलेली नसेल, तर कलम 43 प्रमाणे एक भागीदारही लेखी नोटीस देऊन फर्म विसर्जित करू शकतो. नोटिशीत तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नोटीस पोचल्यापासून फर्म विसर्जित होते. म्हणून "आजपासून आपली भागीदारी संपली" हे रागात लिहिलेलं वाक्य नुसता इशारा राहत नाही. सुधारण्याची संधी द्यायला निघालेला माणूस नकळत धंदा मोडून बसतो. करारभंगाची नोटीस आणि विसर्जनाची नोटीस हे दोन वेगळे कागद ठेवावेत. पहिल्यात फार तर एवढंच लिहावं की पूर्तता न झाल्यास विसर्जनाचा पर्याय खुला राहील. वारंवार करार मोडणाऱ्या भागीदारामुळे कोर्टाकडून विसर्जन मागायचं असेल तर त्यासाठी कलम 44 आहे, आणि तिथे ही पहिली नोटीस पुरावा म्हणून कामाला येते.

परिणाम लिहिण्याआधी एक कागद तपासून घ्यावा, फर्मचा नोंदणी दाखला. फर्म नोंदणीकृत नसेल, किंवा रजिस्टरमध्ये तुमचं नाव नसेल, तर कराराखालचा हक्क बजावण्यासाठी सहभागीदारावर दावा करायला कलम 69 आडवं येतं. आणि नोंदणी असली तरी दावा लगेच दाखल होईलच असं नाही. लवादाचं कलम नसेल, वाद 3 लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यावसायिक असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम 12-अ प्रमाणे आधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात हे स्पष्ट केलं. तेव्हा "31 व्या दिवशी दावा दाखल करू" असं लिहून ते पाळता न येण्यापेक्षा "कायद्याप्रमाणे उपलब्ध कार्यवाही सुरू करण्यात येईल" असं लिहिलेलं बरं.

गैरसमज 5: नोटीस घेतली नाही तर ती वाया जाते, आणि घेतली तर दाव्याची मुदत थांबते.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. योग्य पत्त्यावर, पुरेसं टपाल भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असं जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट 1897 चं कलम 27 धरून चालतं. विरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आलेला लिफाफाही कामाचा असतो. तो न फोडता तसाच जपून ठेवावा. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, म्हणून आता स्पीड पोस्टने पाठवताना पोचीचा पुरावा मागून घ्यावा. पत्ता भागीदारी पत्रातलाच वापरावा, सोबत ई-मेलही करावा.

दाव्याची मुदत मात्र नोटिशीने थांबत नाही. करारभंगाच्या भरपाईसाठी लिमिटेशन अ‍ॅक्ट 1963 मध्ये साधारणपणे भंगापासून 3 वर्षं आहेत. "बघतो, देतो" म्हणत पत्रं येत राहिली तरी ती वर्षं सरतच असतात. मुदत संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी देणं मान्य केलं, तर त्या दिवसापासून ती नव्याने मोजली जाते. लवादातही नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही. करारात वेगळं ठरलं नसेल तर वाद लवादाकडे नेण्याची मागणी समोरच्याला मिळते त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असं धरतात. कसुरीच्या नोटिशीत लवादाचा नुसता उल्लेख असला तर तो पुरत नाही. म्हणून आपल्या उदाहरणात 7 फेब्रुवारीला खात्यात पैसे दिसले नाहीत, तर पुढचं पत्र स्मरणपत्र नसावं. ते कलम 23 खालचं, वाद लवादाकडे सोपवण्याची स्पष्ट मागणी करणारं पत्र असावं.