दोन परीक्षक, दोन उलट सूचना

शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतात. त्यांचे अभिप्राय आले की लेखकाने निबंध सुधारायचा आणि सोबत उत्तरपत्र जोडायचं. त्यात परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून खाली उत्तर लिहायचं. मुद्दे चाळीस असले तरी हे काम फक्त वेळखाऊ असतं. खरी पंचाईत होते ती परीक्षकांचंच आपसांत जुळत नाही तेव्हा.

समजा, रक्त कमी असलेल्या २०० मुलींवर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून १०० जणींना लोहाची गोळी रोज दिली, १०० जणींना आठवड्यातून एकदा. रोजच्या गटातल्या ३० जणींनी मळमळीमुळे गोळी मधेच सोडली. पहिला परीक्षक म्हणतो, गोळ्या नेमाने घेतलेल्या ७० जणीच मोजा. दुसरा म्हणतो, शंभरही मोजा. त्या ७० जणींचं हिमोग्लोबिन सरासरी १.१ ग्रॅमने वाढलं. शंभर धरल्या तर वाढ ०.८ वर येते. आठवड्याच्या गटात बहुतेक सगळ्यांनी गोळ्या घेतल्या आणि वाढ ०.९ आहे. म्हणजे कोणाचं ऐकायचं यावर निष्कर्षच उलटतो.

इथे लेखकाने स्वतः ठरवायला हवं. गोळी सोडणाऱ्यांना वगळलं, तर चिठ्ठ्यांमुळे आलेला दोन्ही गटांचा सारखेपणा मोडतो, कारण मागे उरतात त्या गोळी सोसलेल्या मुली. शिवाय शाळेला जाणून घ्यायचंय ते कोणती पद्धत प्रत्यक्षात चालेल हे. म्हणून मुख्य हिशेब शंभरांचा. पण पहिल्याची शंकाही रास्त आहे: घेतली तर रोजची गोळी किती गुण देते? त्यासाठी ७० जणींचं वेगळं कोष्टक पुरवणीत द्यायचं आणि त्याची मर्यादा तिथेच सांगायची.

पत्रात पहिल्याला लिहायचं: ‘आपण सुचवलेला हिशेब केला, तो पुरवणीत आहे. मुख्य निष्कर्ष मात्र सर्व मुलींवरच ठेवला आहे, कारण…’ पुढे निबंधातलं बदललेलं वाक्य पान-ओळीसह उतरवायचं. ‘दुसऱ्या परीक्षकांनी तसं सांगितलं म्हणून’ हे कारण देऊ नये. ते कारणच नव्हे. आणि एकाला एक, दुसऱ्याला दुसरं सांगण्याची चलाखी तर नकोच, कारण बहुधा दोघांनाही सगळी उत्तरं वाचायला मिळतात. (रागाच्या भरात लिहिलेला पहिला मसुदा स्वतःपाशीच ठेवावा.)

हा मतभेद पत्राच्या सुरुवातीला संपादकांपुढे दोन-तीन वाक्यांत मांडावा. परीक्षक सल्ला देतात, निर्णय संपादकांचा असतो. दोन्ही सूचना एकत्र पाळणं शक्यच नसेल, तर निबंध सुधारण्याआधीच त्यांना विचारलेलं बरं. पहिला परीक्षक पुढच्या फेरीतही अडून बसू शकतो. तेव्हा संपादकांसमोर त्याचा आक्षेप आणि लेखकाचं कारण शेजारी शेजारी असतात.