आधी मिळकतकर, मग तीस टक्के

पुण्यातला एक फ्लॅट महिना 20,000 रुपयांनी भाड्याने दिलेला आहे असं धरू. वर्षाचं भाडं झालं 2,40,000. मालकाने वर्षभरात महापालिकेला 24,000 रुपये मिळकतकर भरला. त्यात 14,000 यंदाचे, 10,000 मागची थकबाकी. शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स 36,000 आणि नव्या भाडेकरूसाठी रंगकाम 40,000. मालकाच्या मते हे सगळं भाड्यातून वजा व्हायला हवं. प्राप्तिकर कायद्याचा हिशेब मात्र वेगळा आहे.

आधी वजा होतो तो मिळकतकर. मुंबईकर त्याला मालमत्ता कर म्हणतात, गावाकडे घरपट्टी. इथे बिल कुठल्या वर्षाचं आहे याला महत्त्व नाही, पैसे कधी भरले याला आहे. म्हणून थकबाकीचे 10,000 सुद्धा यंदाच चालतात. उलट, मार्चअखेर बिल हातात असूनही पैसे एप्रिलमध्ये भरले, तर ती वजावट पुढच्या आर्थिक वर्षात गेली. आणि कर मालकानेच भरलेला हवा. करारात तो भाडेकरूच्या गळ्यात घातला असेल, तर मालकाला वजावट नाही. तेव्हा पावती जपून ठेवावी, तिच्यावरची तारीखही पाहून घ्यावी.

2,40,000 मधून 24,000 गेले, उरले 2,16,000. आता यावर 30 टक्के प्रमाणित वजावट, म्हणजे 64,800. करपात्र राहिले 1,51,200. पुष्कळ जण पूर्ण भाड्यावर 30 टक्के काढून मग मिळकतकर वजा करतात. तसं केलं तर 1,44,000 येतात आणि उत्पन्न 7,200 रुपयांनी कमी दाखवलं जातं.

मग रंगकाम आणि मेंटेनन्सचं काय? ते याच 30 टक्क्यांत आले, वेगळे मागता येत नाहीत. दलाली आणि घराचा विमाही त्यातच. आपल्या मालकाचा खर्च 76,000 झाला, वजावट 64,800 चीच. पण ज्याने वर्षभरात भिंतीला हातसुद्धा लावला नाही, त्यालाही भाड्याच्या हिशेबाने एवढीच मिळते, आणि एकाही बिलाशिवाय. मला तरी हा सौदा बरा वाटतो, निदान रंगाऱ्याच्या पावत्या कोणी मागत नाही. नोकरदारांना पगारावर मिळणारी प्रमाणित वजावट वेगळी. ती घेतली तरी ही मिळते.

घरावर कर्ज असेल तर व्याज यानंतर वजा होतं. भाड्याच्या घराला त्यावर मर्यादा नाही, नव्या करप्रणालीतही नाही. मात्र व्याजामुळे हिशेब उणे झाला, तर तो तोटा नव्या प्रणालीत पगारातून वळता करता येत नाही. जुनीत येतो, पण वर्षाला दोन लाखांपर्यंतच.